रात्री पोटरीत येणारा गोळा: पाणी-मीठ की झोपण्यापूर्वीचा ताण?

कापूस वेचणीच्या हंगामात मध्यरात्री पोटरीत गोळा आला की आमच्याकडे दोन उपाय सांगितले जातात: मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पिणे, आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणे. मी दोन्ही करून पाहिले आहेत आणि माझा कल ताणाकडे आहे.

मे महिन्याच्या उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी आणि मीठ हवेच, याबद्दल वाद नाही. परंतु मला गोळे डिसेंबरच्या थंडीतही येत, जेव्हा घाम जवळजवळ नसतो. त्यामागचे एक संभाव्य कारण असे की झोपेत पाऊल खाली झुकते, जड गोधडीच्या भाराने ते आणखी दाबले जाते आणि आधीच आखडलेला स्नायू जरा चेतवला गेला तरी घट्ट आवळला जातो. पाण्याने हे बदलत नाही. शिवाय निजताना तांब्याभर पाणी प्यायलो की लघवीसाठी उठून अंधारात अंगणापलीकडे जावे लागे. गोळा आला नाही तरी झोप मोडायचीच. माझ्यापुरता निर्णय याच त्रासाने झाला. आता मी पाणी दिवसभर पितो, रात्री घोटभरच.

ताणासाठी भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहून तळहात भिंतीला टेकवावेत, गुडघे सरळ आणि टाचा जमिनीला चिकटलेल्या ठेवून पोटरी ओढली जाईपर्यंत पुढे झुकावे आणि दहा ते तीस सेकंद थांबावे. असे तीनदा करावे. टाच उचलली गेली तर ताण वाया जातो. पंचावन्न वर्षांवरील लोकांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज रात्री असे ताण देणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले. प्रत्यक्ष गोळा आल्यावर मात्र गुडघा सरळ करून पंजा नडगीकडे ओढावा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कांना फारसा उपयोग दिसलेला नाही, उलट जुलाब होऊ शकतात.

तरीही ताण सर्वांना पुरेल असे नाही. माझ्या वहिनींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाल्यावर गोळे वारंवार येऊ लागले आणि ताणाने फरक पडेना. तपासणीत रक्तातील पोटॅशियम कमी निघाले, डॉक्टरांनी औषध बदलले आणि त्रास ओसरला. नवे औषध सुरू झाल्यावर गोळे वाढले, हातांनाही येऊ लागले, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, अथवा मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल तर पायातील रक्तप्रवाह तपासावा लागतो. एकच पाय सुजून लाल व गरम झाला असेल तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि पोटरी चोळू नये. तपासणीला जाताना चालू गोळ्यांची सर्व पाकिटे सोबत न्यावीत. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.