GR नाही, EL! ग्रीसच्या बिलावरची दोन अक्षरं आणि माझे 4,649 युरो 20 सेंट

आधी आकडे सांगतो, कारण गेले कित्येक महिने तेच डोक्यात फिरत आहेत. 12 मार्च 2024 ला 2,075 युरो. 19 मार्चला पुन्हा 2,075. आणि 25 मार्चला 499 युरो 20 सेंट. एकूण 4,649.20. ऑलिव्ह तेलाचा एक डबासुद्धा दुकानात आलेला नाही.

नेदरलँड्समध्ये माझं छोटं किराणा दुकान आहे. डाळी, पिठं, मसाले, आणि डच गिऱ्हाईक येतं म्हणून थोडं इथलं सामान. त्या वर्षी ऑलिव्ह तेलाचे भाव काय झाले होते ते इथल्या प्रत्येक दुकानदाराला आठवत असेल. स्पेनमध्ये लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं होतं आणि माझा नेहमीचा घाऊकवाला लिटरला नऊ युरोच्या खाली यायला तयार नव्हता. अशा वेळी ग्रीसमधल्या कलामाताहून थेट माल देणारा एकजण 6 युरो 40 सेंट म्हणाला. कलामाताचं तेल नावाजलेलं आहे आणि शेतकऱ्याकडून थेट घेतलं तर एवढा फरक पडू शकतो, असं मी स्वतःला पटवलं. मी हावरट नाही. दुकानाचं भाडं वाढलं होतं आणि चार पैसे सुटणं गरजेचं होतं.

बिल आलं ते अगदी रीतसर. पाच लिटरचे 120 डबे, 3,840 युरो, वाहतूक 310, एकूण 4,150. निम्मे आगाऊ, निम्मे माल गाडीत चढल्यावर. व्हॅट शून्य, कारण युरोपीय संघातल्या एका देशातल्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल पाठवला, दोघांचे व्हॅट नंबर वैध असले, तर विकणारा व्हॅट लावत नाही, तो घेणाऱ्यानं आपल्या देशात दाखवायचा असतो. नियम बरोबर होता, माझा NL नं सुरू होणारा नंबरही बिनचूक छापला होता. चोराला एवढा कायदा माहीत असेल असं मला वाटलंच नाही. खालच्या कोपऱ्यात त्याचा नंबर होता: GR आणि पुढे नऊ आकडे.

आता ऐका, कारण खरी चीड मला इथेच येते.

11 मार्चच्या रात्री दुकान बंद केल्यावर मी तो नंबर तपासला. हो, तपासला! युरोपीय आयोगाची VIES नावाची मोफत सोय आहे, तिथे देश निवडायचा आणि नंबर टाकायचा. देशांच्या यादीत मी GR शोधलं तर ते नाहीच. ग्रीसपुढे EL लिहिलेलं. बायको शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अरे, बिलावर तर GR आहे, मग इथे EL कसं?" मी म्हणालो, "अगं, असेल त्यांची काहीतरी पद्धत, आकडे तेच आहेत ना." EL निवडलं, नऊ आकडे टाकले, आणि उत्तर आलं: वैध. मी लॅपटॉप मिटला.

तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मी नंतर, पैसे गेल्यावर शोधलं. ग्रीक लोक आपल्या देशाला एलाडा म्हणतात, आणि युरोपीय संघाच्या कारभारात ग्रीससाठी त्यावरूनच EL वापरतात. GR हे जगभरचं दुसरं संकेताक्षर. ते ग्रीसच्या बँक खात्याच्या आयबॅनपुढे येतं. म्हणजे ग्रीक व्यापाऱ्याच्या सरळ बिलावर करासाठी EL आणि बँकेसाठी GR, अशी दोन वेगळी अक्षरं एकाच कागदावर दिसतात. माझ्या बिलावर कराला GR होतं आणि बँकेला LT, म्हणजे लिथुआनिया. जो माणूस दुसऱ्या देशांत माल विकतो, त्याला आपले व्यवहार याच EL नं करखात्याला कळवावे लागतात. तो स्वतःच्या देशाची अक्षरं चुकेल कशाला? चुकतो तो बाहेरचा, जो नकाशातल्या नावावरून अंदाज बांधतो.

मी कोल्हापूरला मामाच्या दुकानात वाढलो. तिथे जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे वाचल्याशिवाय बिल हातावेगळं करत नव्हतो. 27 म्हणजे आपला, महाराष्ट्राचा. बेळगावहून माल आला की 29, म्हणजे कर्नाटक, म्हणजे आयजीएसटी. पत्ता बेळगावचा आणि नंबर 27 चा असला तर मामा पैसे देण्याआधी फोन लावायचा. ही सवय मला होती. इथे आल्यावर मी ती का सोडली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसरी गोष्ट त्याहून लागणारी आहे. VIES नं नुसतं "वैध" सांगितलं नव्हतं, खाली कंपनीचं नाव आणि पत्ताही दाखवला होता, ग्रीक लिपीत. मला ग्रीक येत नाही म्हणून मी तो वाचलाच नाही. पण ग्रीकमध्ये कलामाता मोठ्या अक्षरांत असं लिहितात: ΚΑΛΑΜΑΤΑ. इंग्रजी येणाऱ्या कुणालाही ते ओळखता येईल, फक्त तिसरं अक्षर वेगळं. माझ्यासमोर पडद्यावर होतं ΘΕΣΣΑΛΟΝΙΚΗ. पहिलंच अक्षर पोटात आडवी रेघ असलेलं गोल! ते थेस्सालोनिकी आहे, कलामातापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कुणाचा तरी. ती ओळ उचलून भाषांतरात टाकायला दहा सेकंद लागली असती. तेव्हा एक पक्कं धरा: "वैध" याचा अर्थ तो नंबर अस्तित्वात आहे, एवढाच. बिल पाठवणारा त्याचा मालक आहे असा नाही. जर्मनीच्या DE नंबरांना तर VIES नाव-पत्ता दाखवतच नाही, तिथे व्यापार-नोंदणीतून कंपनी शोधून तिच्या अधिकृत फोनवर विचारावं लागतं.

बाकीचं झटपट सांगतो. 19 तारखेला गाडीत चढवलेल्या पॅलेटचे फोटो आले, मी उरलेले निम्मे पाठवले. 24 ला निरोप: तुमचा डच नंबर आमच्या यंत्रणेत वैध दिसत नाही, त्यामुळे ग्रीसचा 13 टक्के व्हॅट अनामत ठेवावा लागेल, माल पोचल्यावर परत मिळेल. 3,840 चे 13 टक्के, बरोबर 499.20. दर खरा, हिशेब खरा, म्हणून भरले. माझाच नंबर मी VIES मध्ये टाकून बघितला असता तर तो ठणठणीत वैध दिसला असता, आणि मागणी खोटी आहे हे त्याच मिनिटाला कळलं असतं. तसं कुणी म्हणालं तर आधी स्वतःचा नंबर तपासा आणि निकालाची प्रत त्याला पाठवा. तपासताना आपला नंबरही टाकला तर चौकशी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

28 मार्चला तिमाहीचे कागद घेऊन मी हिशेबनीस बाईंकडे गेलो. त्यांनी बिल उचललं आणि विचारलं, "GR? हे कुणी लिहिलं?" त्या क्षणी पोटात खड्डा पडला. त्यांच्यासमोरच मी थेस्सालोनिकीच्या कंपनीला फोन केला. ती ट्रॅक्टरचे सुटे भाग विकते. फोनवरच्या बाई दमल्या आवाजात म्हणाल्या, तेलासाठी फोन करणारे तुम्ही तिसरे.

त्यानंतर सुरू झाला तो दुसरा मनस्ताप. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आम्ही फक्त परत मागणीचा अर्ज करू शकतो. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, खात्यात शिल्लक नाही. लिथुआनियाचं खातं कुणाच्या नावावर होतं, ते सांगणार नाहीत, गोपनीयता! माझे पैसे गेले आणि गोपनीयता चोराची. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतं का, हे तेव्हा माझ्या बँकेनं परदेशी खात्यासाठी तपासलंही नाही. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ती तपासणी 9 ऑक्टोबर 2025 पासून सक्तीची झाली, माझ्यासाठी दीड वर्ष उशिरा. आता नाव जुळत नाही असा इशारा आला तर पुढे जाऊच नका, समोरचा काहीही कारण देवो.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सुरुवातीलाच विचारलं, हा दिवाणी वाद नाही ना? अहो, दुसऱ्याचा करनंबर चोरून बिल बनवलंय, यात दिवाणी काय आहे? ग्राहकांना मदत करणाऱ्या कार्यालयानं सांगितलं, तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही, आमच्या कक्षेत येत नाही. इथल्या करखात्याला कळवलं, तर ग्रीक नंबर ग्रीसचा विषय. ग्रीसच्या करखात्याला इंग्रजीत दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. प्रत्येकाच्या हातात माझ्या कागदाचा एक तुकडा आहे आणि अख्खा कागद वाचायला कुणी तयार नाही. सहा महिन्यांनी पोलिसांचं पत्र आलं, तपासासाठी पुरेसे धागे नसल्यानं प्रकरण बंद. खाते क्रमांक, वेबसाइट, ईमेल, फोटो, सगळं दिलं होतं मी!

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. GR दिसलं म्हणजे चोरच, असं नाही. पुढे एका खऱ्या ग्रीक चीजवाल्याच्या बिलावरही मला GR दिसलं. मी विचारलं, दुसऱ्या दिवशी EL घातलेलं दुरुस्त बिल आलं, सोबत माफी. तसंच पत्ता एका देशाचा आणि अक्षरं दुसऱ्या देशाची असणंही कायदेशीर असू शकतं, जर्मन कंपनीचा माल पोलंडच्या गोदामातून निघत असेल तर PL योग्यच आहे. अक्षरं जुळली नाहीत तर लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत एक सेंटही पाठवू नका. माझ्या चोराला मी विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याची वेबसाइट पुन्हा उघडून बघितली. नाव बदललंय, डब्यांचे फोटो तेच आहेत, खाली नंबरही तोच, थेस्सालोनिकीच्या ट्रॅक्टरवाल्यांचे नऊ आकडे. फक्त पुढे आता GR नाही. EL आहे.