डिअर ऑल, हॅलो टीम की प्रत्येकाचे नाव?

फोंड्यातील एका पतसंस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीला वार्षिक सभेविषयी 34 जणांना एकच ईमेल पाठवायचा होता. त्यांत कर्मचारी, संचालक, लेखापरीक्षक आणि मंडपवाले असल्याने संबोधनापाशीच तिचे अडले.

‘हॅलो टीम’मध्ये आपुलकी आहे, पण लेखापरीक्षक त्या टीमचा नाही आणि त्याने तसे असूही नये. ‘डिअर ऑल’ कोणालाच वगळत नाही. मात्र सर्वांना उद्देशून सांगितलेले काम कोणीच आपले मानत नाही. नावे घातली तर जबाबदारी नेमकी ठरते, परंतु 34 नावांत एखादे सुटते, कोणाचे आधी यावरून मने दुखावतात, आणि गोव्यात तर नाईकसारखे आडनावही रोमन लिपीत प्रत्येक घर सारखेच लिहील याची खात्री नसते.

तिने शेवटी वर ‘डिअर ऑल’ लिहिले आणि मजकुरात फक्त तिघांची नावे त्यांच्या कामासह व तारखेसह ठळक केली. मला हाच मार्ग योग्य वाटतो. रोज एकत्र काम करणाऱ्या गटाला ‘हॅलो टीम’ शोभते, तर आरंभीच सगळी नावे चार-पाच जणांपर्यंतच घालावीत.