स्वतःच्या फोटोवर प्रवासाचे कपडे जुळवताना: ॲप की कातरण?

आमच्या गावातील एक शिक्षिका डिसेंबरात मनालीला निघाल्या आहेत. तीन कुर्ते, दोन सलवारी आणि एक स्वेटर, म्हणजे स्वेटरशिवाय सहा व स्वेटरसह आणखी सहा जोड्या, त्यांना स्वतःच्या पूर्ण उंचीच्या फोटोवर आधी पाहायच्या आहेत. कपडे आपोआप चढवणारे ॲप वापरावे, की कपड्यांचे फोटो कातरून स्वतः बसवावेत, हा त्यांचा प्रश्न आहे.

रंगाच्या बाबतीत कातरण सरस ठरते. सगळे कपडे सकाळी अंगणातील सावलीत टिपल्यास त्यांचे रंग एकमेकांशी ताडता येतात. ॲप मात्र चित्र नव्याने रचते, त्यामुळे बारीक छपाई किंवा काठ बदलू शकतो.

मापाचे ज्ञान बहुधा ॲपला नसते. तंग कुर्ताही ते अंगाला नीट बसवून दाखवते. कातरणीत लांबी हिशेबाने साधता येते: उंची १५६ सेंटीमीटर आणि कुर्ता १०४ सेंटीमीटर असेल, तर तो फोटोतील उंचीच्या दोन तृतीयांश इतका ठेवावा. स्वेटरही याच हिशेबाने ठेवल्यास त्याखाली कुर्ता किती लोंबतो, हे त्यातून बऱ्यापैकी कळते. अर्थात, फोटो कमरेच्या उंचीवरून, तीन मीटर अंतरावरून काढलेला हवा; जवळून काढल्यास प्रमाण बिघडते.

कापडाचा झोळ मात्र ॲपच बरा सुचवते, श्रमही वाचवते. परंतु त्यासाठी सहसा इंटरनेट लागते आणि आपला फोटो बाहेर जातो.

घरचेच कपडे निवडायचे असतील, तर कातरण करावी. नवा कपडा मागवण्यापूर्वी ढब पाहायची असेल, तर ॲप पुरेसे आहे.