फ्रोझन शोल्डरचे १४ महिने: कोणता उपचार कधी लागू पडला

डावा खांदा दुखायला लागला तेव्हा वाटलं, स्नायू दुखावला असेल. आखडलाय तर ताणून मोकळा करावा, म्हणून दोरी-कप्पीवर रोज जोर लावत राहिले. दर वेळी रात्री ठणका वाढायचा, त्या कुशीवर झोपताच यायचं नाही. असे तीन महिने गेले.

मग फिजिओथेरपिस्टनी कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला. उजवा ७० अंशांपर्यंत गेला, डावा १५ वरच अडला. त्यांनी स्वतः हलकेच फिरवून पाहिला, तरी तिथेच अडला. फ्रोझन शोल्डरची खरी खूण हीच. स्नायूबंध फाटला असेल तर आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बऱ्याचदा जातो. इथे सांध्याभोवतीची पिशवीच आवळलेली असते. त्यातही बाहेर फिरवणं सगळ्यात जास्त अडतं, मग बाजूने वर नेणं, त्यानंतर आत फिरवणं. याला कॅप्सुलर पॅटर्न म्हणतात. सांध्याची झीज झाली तरीही असाच खांदा आखडतो, म्हणून एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला.

पहिल्या, म्हणजे गोठण्याच्या टप्प्यात पिशवीच्या अस्तराला सूज असते. तेव्हा ताणलं की ती आणखी चिडते. चौथ्या महिन्यात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि आठवडाभरात रात्रीची झोप परत आली. हालचाल मात्र १५ वरून जेमतेम २५ वर गेली. मला मधुमेह आहे, त्यामुळे काही दिवस साखर चढली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. मधुमेहींनी हे विचारून घ्याच. त्यानंतर फक्त हात लोंबता सोडून झुलवणं आणि काठीच्या आधाराने बाहेर फिरवणं, तेही सोसेल इतकंच. दुखणं अर्ध्या तासात शमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

सहाव्या ते दहाव्या महिन्यात दुखणं कमी होतं, पण काटा २५ वरून हलेना. भूल देऊन खांदा मोकळा करावा की दुर्बिणीतून पिशवी कापून घ्यावी, यावर बराच खल केला. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या यूके फ्रॉस्ट चाचणीत (२०२०) हे दोन्ही उपाय आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांची तुलना झाली होती. वर्षाअखेरीस कोणताच उपाय रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नव्हता, आणि गंभीर त्रास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त दिसले. ते वाचून मी थांबायचं ठरवलं. थांबूनही हालचाल सुटत नसेल आणि रोजची कामं अडत असतील, तर शस्त्रक्रिया मला गैर वाटत नाही.

दहाव्या महिन्यापासून खांदा सुटू लागला. आता ताणही सोसतो, म्हणून जोर थोडा वाढवलाय. बाहेर फिरवणं ५५ अंशांवर आलंय. पाठीमागे मात्र डावा अंगठा अजून कमरेच्या थोडा वरपर्यंतच पोचतो, त्यामुळे हुक पुढे लावून मागे फिरवून घेते.