अबोल माणसाचा बायो: स्वभाव सांगावा की धागा द्यावा?

डेटिंग अ‍ॅपवर लाजऱ्या माणसाला पहिली वाट सुचते ती स्वभाव सांगण्याची: ‘इंट्रोव्हर्ट आहे, फालतू गप्पा आवडत नाहीत.’ हे खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या हाती बोलायला काही लागत नाही. उलट, साधं ‘हाय’ही चुकेल अशी धास्ती बसते.

दुसरी वाट धागा देण्याची: ‘रविवारी जुनी घड्याळं उघडून बसतो. अर्धी पुन्हा चालतात. उत्तर उशिरा देतो, पण देतो. तुम्ही शेवटचं काय दुरुस्त केलंत?’ इथे संथपणा तक्रार न होता सवय म्हणून कळतो आणि समोरच्याला सुरुवात आयती मिळते. माझं मत हिच्याच बाजूने.

पहिला मेसेजही असाच हवा. ‘कसे आहात?’ने नेमक्या नको त्या गप्पा सुरू होतात. त्याऐवजी फोटोतलं एक निरीक्षण आणि दोन पर्याय द्या: ‘चढण पावसाळ्यातली दिसते. वर दृश्य मिळालं की नुसतं धुकं?’

‘धुकं’ एवढंच उत्तर आलं, तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, मुलाखत वाटते. आधी स्वतःचं एक वाक्य लिहा: ‘मला धुकंच आवडतं, फोटो काढायची सक्ती नसते.’ यावरही एकाच शब्दात उत्तर आलं, तर खुशाल थांबा.