डावीकडे ओटीपोटात दुखतंय आणि ताप आहे: डायव्हर्टिक्युलायटिस की आतड्याचं दुसरं काही?

सत्तरीच्या माणसाला डावीकडे ओटीपोटात दुखू लागलं आणि जोडीला ताप आला, तर डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते डायव्हर्टिक्युलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्या सुजण्याचं. पुष्कळदा ते बरोबर निघतं. पण त्याच जागी दुखणारे मोठ्या आतड्याचे आणखी तीन आजार आहेत: रक्तपुरवठा कमी पडणं, जंतुसंसर्ग आणि कर्करोग. चारही आजारांचे उपचार वेगळे आहेत. घरच्यांनी डॉक्टरांना "खूप दुखतंय" एवढंच सांगितलं तर त्यातून फारसं काही कळत नाही. आधी काय झालं आणि मग काय झालं, हा क्रम सांगितला तर निम्मं काम होतं.

डायव्हर्टिक्युलायटिसचा क्रम संथ असतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात ती जागा मुळातच नाजूक असते. वयानुसार तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि छोट्या पिशव्या तयार होतात. डाव्या बाजूला त्या सिग्मॉइड या शेवटच्या वळणदार भागात जास्त असतात. बहुतेकांना त्या असल्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. एखादी पिशवी सुजली किंवा तिला बारीक छिद्र पडलं, की मात्र दुखणं सुरू होतं. ते कळ येऊन जाणारं नसतं. एकाच जागी सतत राहतं आणि दोन-तीन दिवसांत वाढत जातं. खोकलं तरी तिथेच कळ लागते. ताप मागाहून येतो. पोट बहुधा साफ होत नाही, कधी थोडं पातळ होतं. शौचातून रक्त मात्र सहसा जात नाही. याच पिशव्यांतून कधी भरपूर रक्त पडतं, पण तेव्हा बहुधा पोट दुखत नाही आणि तापही नसतो. म्हणून दुखणं, ताप आणि रक्त ही तिन्ही एकत्र दिसली, तर डायव्हर्टिक्युलायटिसवर शिक्का मारण्याआधी थांबावं.

रक्तपुरवठा कमी पडला तर सगळं झपाट्याने होतं. अचानक मुरडा येतो, तातडीने संडासला पळावं लागतं आणि साधारण दिवसभरात शौचातून लाल किंवा गडद तांबडं रक्त जातं. ताप नसतो, असला तर थोडा. त्याआधीचे एक-दोन दिवस विचारले की कारण बरेचदा सापडतं: जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं, रक्तदाब खाली गेलेला, डायलिसिस किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली, हृदय कमजोर. बहुतेकांना सलाइन आणि आतड्याला विश्रांती एवढ्यावर काही दिवसांत आराम पडतो. पण दुखणं कमी न होता पोट ताठ होऊ लागलं आणि ताप चढला, तर आतड्याचा तो भाग मरत असण्याची शक्यता असते. तिथे नुसत्या अँटिबायोटिकवर वाट बघणं महागात पडतं.

जंतुसंसर्गात जुलाब आधी आणि ठळक असतात. ताप बहुधा सुरुवातीलाच येतो आणि दुखणं एका जागी न राहता पोटभर फिरतं. इथे एक प्रश्न न चुकता विचारावा: गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का? घेतलं असेल तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूसाठी शौचाची तपासणी करावी लागते, कारण त्याचं औषध वेगळं आहे. निदान होईपर्यंत जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नये.

कर्करोगात ताप सहसा नसतोच. गाठीच्या जागी आतडं फुटलं किंवा पू झाला तरच तो येतो, आणि तेव्हा चित्र हुबेहूब डायव्हर्टिक्युलायटिससारखं दिसतं. फरक मागच्या महिन्यांत सापडतो: शौचाची सवय बदललेली, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन कमी झालेलं.

आता समजा, ७४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. तीन दिवसांपासून डावीकडे खाली दुखतंय, ताप १००.६, शौचाला झालेली नाही, आणि लघवीला सारखं जावं लागतंय. लघवीच्या तपासणीत थोड्या पू-पेशी निघाल्या, म्हणून मूत्रसंसर्गाचं औषध सुरू झालं. दोन दिवसांनी दुखणं तसंच. अशी गफलत नेहमी होते. सुजलेलं सिग्मॉइड मूत्राशयाला टेकतं आणि त्याला चिडवतं, म्हणून लघवीची लक्षणं येतात. अशा वेळी लघवीच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा जंतू सापडत नाहीत. या गृहस्थांचं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, १६० म्हणजे बरंच वाढलेलं आलं, पण पांढऱ्या पेशी जेमतेम वाढलेल्या. म्हातारपणी हे असंच चालतं: ताप मामुली, पोट मऊ, पांढऱ्या पेशी जवळपास ठीक, आणि आत पू. सीटी स्कॅनमध्ये सिग्मॉइडची लांबलचक भिंत जाड, भोवतालची चरबी सुजलेली आणि शेजारी अडीच सेंटिमीटरचं गळू दिसलं. एवढं गळू शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने बहुधा विरतं. तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेलं, तर सीटीच्या मदतीने सुई किंवा नळी घालून पू काढण्याचा विचार होतो.

तपासणीत निवड करायची तर या वयात माझा कौल सीटीला. सोनोग्राफी वाईट नाही, पण आतड्यातल्या वायूमुळे आणि करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असल्याने तिचा "नॉर्मल" रिपोर्ट पूर्ण दिलासा देत नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शिरेतून डाय न देताही सीटी काढता येतो. गळू आणि आतड्याबाहेर आलेली हवा त्यातही बऱ्यापैकी कळते, रक्तपुरवठ्याचा अंदाज मात्र नीट येत नाही. आखूड भागात अचानक सुरू होऊन अचानक संपणारी जाडी आणि शेजारी वाढलेल्या लसिकाग्रंथी दिसल्या, तर कर्करोगाचा संशय बळावतो.

घरी सकाळपर्यंत थांबायचं का, हा खरा पेच. पोट फळीसारखं ताठ होणं, हुडहुडी भरणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, रक्तदाब उतरणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, किंवा पोट फुगून वायूही न सरणं, यातलं एकही असेल तर रात्रीच निघावं. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर यातलं काही दिसत नसतानाही निघावं, कारण त्या औषधांखाली लक्षणं झाकली जातात. तोवर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या टाळाव्यात, त्यांनी आतडं फुटण्याचा धोका वाढतो. "पोट साफ झालं की बरं वाटेल" म्हणून एनिमा किंवा जुलाबाचं औषध तर मुळीच नको.

सौम्य डायव्हर्टिक्युलायटिस अँटिबायोटिकशिवायही बरा होतो, हे गेल्या दशकभरातल्या चाचण्यांनी दाखवलं आहे. पण ती सवलत एरवी धडधाकट असलेल्या, गळू नसलेल्या रुग्णांसाठी. थकलेल्या वयस्कर माणसाला ती सरसकट लावू नये.

कोलोनोस्कोपीची घाई करू नये. सुजलेल्या आतड्यात हवा भरून नळी सरकवली तर ते फुटू शकतं. सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती करतात, विशेषतः गळू झालं असेल किंवा अलीकडे केलेली नसेल तर. आपल्या गृहस्थांना तोवर दुखणं राहणार नाही, आणि नेमकं म्हणूनच ही तारीख टळते. ती डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी. जाड भिंतीत गाठ लपलेली नव्हती, हे सीटीने पक्कं सांगितलेलं नसतं.