गोटी टायर की ८०-२० टायर?

१५० किलोमीटर डांबर आणि शेवटी २० किलोमीटर कच्चा रस्ता, असा मोटरसायकलचा प्रवास असेल तर मी ८०-२० टायर घेईन. म्हणजे ८० टक्के डांबरासाठी आणि २० टक्के मातीसाठी बनवलेला. त्याचे रबराचे ठोकळे रुंद आणि जवळजवळ असतात, त्यामुळे वळणावर गाडी डगमगत नाही.

गोटी टायरचे ठोकळे उंच आणि विरळ असतात. डांबरावर प्रत्येक ठोकळा वाकतो, तापतो आणि मधली रांग झपाट्याने झिजते. ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, म्हणून ब्रेकला जास्त अंतर लागतं. पण चिखलात पारडं फिरतं. ८०-२० च्या अरुंद फटी मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो. गोटी टायर मात्र फिरता फिरता चिखल झटकून टाकतो.

कच्च्यावर दोन्हींना हवा कमी करावी लागते. मधल्या वजनाच्या गाडीत डांबरावर ३० पीएसआय असेल, तर घट्ट मातीसाठी २४-२५ पुरे. हवा टायर थंड असतानाच मोजा. दगडांवर ट्यूबवाल्या टायरची हवा फार उतरवू नका, कारण दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर कारण बहुधा हेच.

डांबर लागताच आधी हवा भरा. कमी हवेवर वेगाने गेलात तर टायर आतून तापतो, आणि गोटी टायर तर आधीच तापत असतो.